न सांगितलेलं प्रेम आणि वाढदिवसाचा मेसेज : इंदूरमधलं एक प्रकरण

माझं काम मजकूर लिहिण्याचं आहे. इंदूरच्या एका छापखान्यात लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, पंच्याहत्तरीचे सन्मानपत्र, वाढदिवसाचे फलक असं सगळं माझ्या हातून जातं. त्यामुळे नात्यातल्या मुलांना वाटतं की ताईला कुठलाही मजकूर दाखवावा. माझा मावसभाऊ मंदार मागच्या डिसेंबरात असाच फोन पुढे करून उभा राहिला. (त्याचं नाव बदललं आहे, सायलीचंही, आणि ओळख पटेल अशा बाकीच्या खुणाही. त्याच्या परवानगीनेच हे लिहिते आहे.)

परिस्थिती अशी. मंदार चोवीस वर्षांचा, नोकरी करतो आणि संध्याकाळी एका हौशी मराठी नाट्यसंचात ध्वनी सांभाळतो. त्याच संचात सायली प्रकाश सांभाळते. तालमीत आणि प्रयोगात दोघं शेजारी-शेजारी बसतात, तिच्यापुढे दिव्यांचे खटके, याच्यापुढे लॅपटॉप. वर्षभराची चांगली मैत्री. रोज काही ना काही विनोद, फोटो इकडून तिकडे जातात. मंदारला ती आवडते हे त्याने तिला सांगितलेलं नाही, आणि सध्या सांगायचंही नाही. तीन दिवसांनी तिचा वाढदिवस होता. त्याला एक छान, मोकळा मेसेज पाठवायचा होता, आणि लिहून झाला होता तो हा :

"आज खूप दिवसांपासून मनात असलेलं थोडं बोलतो. तुझ्यासारखी मुलगी मी आजवर पाहिली नाही. तालमीच्या पहिल्या दिवशी तू पिवळी कुर्ती घालून आली होतीस, केस ओले होते, तेव्हापासून तालमीला यायला एक कारण मिळालं. तू हसलीस की दिवस चांगला जातो. तुला कदाचित माहीत नसेल, पण काही लोक तुझी खूप काळजी करतात. तुझ्या आयुष्यात जो कुणी येईल तो नशीबवान असेल. वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा. आज संध्याकाळी काय करते आहेस? काही चुकीचं बोललो असेन तर सॉरी. ❤️"

मी विचारलं, "तुला तिला सांगायचं आहे का?" तर म्हणाला, "नाही ना ताई, म्हणून तर नुसत्या शुभेच्छा लिहिल्यात."

खरी अडचण इथेच होती. त्याला वाटत होतं की "मला तू आवडतेस" हे वाक्य लिहिलेलं नाही, म्हणजे सांगितलेलं नाही. पण प्रत्येक ओळ तेच बोलत होती, फक्त अर्ध्यावर थांबून. सरळ विचारलं तर समोरचा माणूस हो किंवा नाही म्हणू शकतो. इशाऱ्याला काय म्हणणार? "काही लोक" म्हणजे कोण, हे सायलीने ओळखायचं, ओळखलं तर न ओळखल्यासारखं करायचं की विचारायचं ते ठरवायचं, आणि हे सगळं वाढदिवसाच्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना. मंदारने स्वतःचं ओझं उतरवलं नव्हतं, तिच्या हातात दिलं होतं.

मग आम्ही एकेक ओळ घेऊन बसलो. सगळ्यात आधी पहिली ओळ. फोन लॉक असताना पडद्यावर मेसेजची सुरुवातच तेवढी दिसते, हे आपण लिहिताना विसरतो. वाढदिवसाला मुलीचा फोन टेबलावर पडलेला असतो, आई औक्षणाचं तबक घेऊन उभी असते, मामेभाऊ फोनने फोटो काढत असतो. त्या वेळी पडद्यावर "आज खूप दिवसांपासून मनात असलेलं" एवढंच उमटलं तर पुढचा अर्धा तास त्या मुलीला घरच्यांना उत्तरं देण्यात घालवावा लागेल. मेसेज कितीही निरागस असो, पहिले चार-पाच शब्द "वाढदिवसाच्या शुभेच्छा" हेच हवेत. त्याच्या मेसेजमध्ये शुभेच्छा सातव्या वाक्यात उगवत होत्या.

पिवळी कुर्ती आणि ओले केस यावर मंदार अडला. त्याच्या मते तीच सगळ्यात सुंदर ओळ होती, "मला आठवतं, हे तिला कळायला नको का?" आठवण लिहावी की नाही हा प्रश्न नव्हता. आठवणीशिवाय मेसेज म्हणजे दुकानातलं कार्ड. प्रश्न कुठली आठवण, हा आहे. ओल्या केसांच्या आठवणीत सायली काहीच करत नाही, ती नुसती येते आहे. करणारा मंदार आहे, आणि तो बघतो आहे. एक वर्षापूर्वी कुणीतरी आपल्याकडे इतकं निरखून बघत होतं हे कळलं की चांगल्या मित्राबद्दलही माणूस क्षणभर सावध होतो, मागचे दिवस नव्याने आठवू लागतो. मैत्रीच्या मेसेजात ती आठवण शोभते जिच्यात दोघंही काहीतरी करत होते, आणि जमलं तर तिने काहीतरी चांगलं केलेलं होतं.

"अशी एखादी आहे का?" म्हटल्यावर त्याला हसूच फुटलं. दिवाळीआधीच्या प्रयोगात रात्रीचा प्रसंग चालू होता. नायिका खिडकीशी उभी, आणि फोन वाजायचा होता. मंदारने लॅपटॉपवर शेजारच्या फाइलवर टिचकी मारली आणि भर मध्यरात्री नाट्यगृहात कोंबडा आरवला. प्रेक्षक हसणार तेवढ्यात सायलीने निळा दिवा उतरवून मागचा पिवळा चढवला. पहाट झाली. नायिकेनेही प्रसंग राखला, "अगबाई, बोलता बोलता उजाडलं की!" म्हणाली, आणि पुढे सगळं सुरळीत गेलं. हे त्याने मला इतकं रंगवून सांगितलं की मी म्हटलं, बाबा रे, तुझ्याकडे हे आहे आणि तू कुर्तीवर लिहितोस?

बाकीच्या ओळी भराभर गेल्या. "जो कुणी येईल तो नशीबवान" या वाक्याला उत्तर म्हणून समोरच्याला "तुलाही चांगली मिळेल" असं काहीतरी म्हणावंच लागतं, आणि ते म्हटलं की मंदारच दिवसभर तोंड पाडून बसणार. "संध्याकाळी काय करते आहेस" हा प्रश्न वरवर साधा आहे, पण त्याचं उत्तर काहीही असलं तरी त्यात "मग मी येऊ का" लपलेलं आहे. घरच्यांबरोबर आहे असं म्हणताना तिला नकार दिल्यासारखं वाटेल. शेवटचं सॉरी तर सगळ्यात वाईट. चुकीचं बोललास असं तुला वाटतं तर ते खोडायचं. खोडलं नाही आणि माफी मागितली की "अरे नाही, काही चुकीचं नाही" अशी समजूत काढण्याचं काम तिच्याकडे आलं. आणि तो लाल बदाम. व्हॉट्सअ‍ॅपवर तो एकटाच पाठवला तर मोठा होऊन धडधडतो, ओळीच्या शेवटी लावला तर धडधडत नाही, पण वाचणाऱ्याला दिसायचं ते दिसतंच. केकचं चित्र पुरेसं आहे.

एवढं झाल्यावर मंदारने रागारागाने दुसरा खर्डा केला : "हॅपी बर्थडे. गॉड ब्लेस यू." हा मोकळा नाही, रुसलेला आहे. रोज विनोद करणारा मित्र एकाएकी बँकेच्या शुभेच्छांसारखं बोलू लागला तर समोरचा विचार करतो, याला झालं काय? नेहमीपेक्षा फार लांब लिहिणं आणि नेहमीपेक्षा फार आखूड लिहिणं, दोन्हींत तेच उघडं पडतं.

मग नेहमीचं म्हणजे किती? हे मनाने ठरवू नये, फोनमध्ये बघावं. मी त्याला त्यांच्या गप्पांमध्ये मागे जायला लावलं. त्याच्या स्वतःच्या वाढदिवसाला सायलीने लिहिलं होतं, "हॅपी बड्डे साउंडवाले भिया! पार्टी कधी?" आणि खाली एक नाचणारं माकड. मग नाट्यसंचातल्या दुसऱ्या एका मैत्रिणीला त्याने काय लिहिलं होतं ते पाहिलं. दोन ओळी, एक टोमणा, एक केक. म्हणजे या संचात वाढदिवसाचा मेसेज दोन-तीन ओळींचा असतो आणि त्यात चिडवाचिडवी असते. सायलीच्या मेसेजाहून थोडा मोठा चालेल, चौपट नाही. भाषाही तीच हवी. ही मुलं आमच्या इंदुरी मराठीत लिहितात, मधेच हिंदी, मधेच "अरे यार". मंदारचा पहिला खर्डा मात्र एकदम पुण्याच्या दिवाळी अंकातून उचलल्यासारखा झाला होता. माणूस अचानक शुद्ध बोलायला लागला की घरच्यांनाही कळतं काहीतरी मागायचं आहे.

तिसरा खर्डा त्यानेच लिहिला. मी त्यात एकच ओळ बदलली. त्याने लिहिलं होतं, "त्या रात्रीचं तुझं कर्ज आयुष्यभर फिटणार नाही." विनोद म्हणून ठीक, पण "आयुष्यभर" या शब्दावर त्याचा हात जरा जास्तच वेळ रेंगाळला होता, ते मला दिसलं. तिथे "ते मी अजून सगळ्यांना सांगत असतो" असं केलं. शेवटी गेलेला मेसेज हा :

"वाढदिवसाच्या शुभेच्छा, सायली मॅडम! माझा कोंबडा भर रात्री आरवला आणि तू दोन सेकंदांत सूर्य उगवून दाखवलास, ते मी अजून सगळ्यांना सांगत असतो. या वर्षी तुझे सगळे दिवे वेळेवर लागू देत, आणि माझे फोन वेळेवर वाजू देत. आज मस्त मजा कर यार! 🎂"

यात प्रश्न एकही नाही. नुसतं "थँक्यू रे" लिहिलं तरी बोलणं पूर्ण होतं, आणि माझ्या मते अशा मेसेजाची हीच मुख्य कसोटी. आणखी एक कसोटी मी त्याला लावायला सांगितली, जी त्याला फारशी आवडली नाही : समज, पुढच्या महिन्यात तिचा साखरपुडा ठरला आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याने हा मेसेज वाचला. तिला काही समजावून सांगावं लागेल का? या मेसेजासाठी नाही लागणार. तो वाचून तोही कोंबड्यावर हसेल. पहिल्यासाठी नक्की लागलं असतं. यावर मंदार म्हणाला, "म्हणजे यात माझ्या मनातलं काहीच नाही." तसं नाही. तिच्या हुशारीचं त्याला कौतुक आहे, ते त्यात पुरेपूर आहे. फक्त त्याबद्दल तिच्याकडून काही मागितलेलं नाही.

वेळेवरूनही थोडी हुज्जत झाली. त्याला बरोबर बाराच्या ठोक्याला पाठवायचा होता, सगळ्यांत आधी. पहिला येण्याची ही हौस मला कधी कळली नाही. खासगीत बाराच्या ठोक्याला आलेला मेसेज हेच सांगतो की हा माणूस जागा राहून घड्याळ बघत होता. शिवाय ती जागी असेल तर तिला लगेच उत्तर द्यावंसं वाटणार आणि मग रात्रीच्या बारा वाजता गप्पा चालू ठेवायच्या की तोडायच्या, हा आणखी एक पेच. नाट्यसंचाच्या ग्रुपवर रात्री बारा वाजता सगळेच केक आणि फटाके टाकतात, तिथे यानेही टाकावेत. तिथे तो दहातला एक असतो. खासगी मेसेज सकाळी अकराच्या सुमारास, घरचं औक्षण आटोपून ती कामावर पोचली की. रात्रीपर्यंत लांबवायचं नाही, कारण मग मुद्दाम थांबल्यासारखं दिसतं.

मेसेज अकराला गेला. सव्वाअकराला दोन निळ्या खुणा आल्या आणि उत्तर नाही. इथून पुढचे तीन तास मंदारपेक्षा मलाच जड गेले, कारण तो दर थोड्या वेळाने मला फोन करत होता. "मिटवू का?" मिटवला तर तिथे मेसेज मिटवल्याची खूण राहते, आणि तिने तर तो वाचलाही होता. "मग शेवटची ओळ बदलू?" बदल पहिल्या पंधरा मिनिटांतच करता येतो, आणि बदलला हेही तिथे दिसतं. "निदान 'मिळाला ना?' विचारू?" मुळीच नाही. वाढदिवसाच्या दिवशी माणसाला आत्या-मावश्यांपासून शाळेतल्या मित्रांपर्यंत सगळ्यांचे मेसेज येतात. ती ते वाचत जाते आणि सवड मिळाली की एका बैठकीत उत्तरं देते. त्या दिवशीच्या उशिरातून काहीही निष्कर्ष काढता येत नाही, ना चांगला ना वाईट. खरं तर मेसेज दडपणाचा होता की नव्हता हे पाठवणाऱ्याच्या या तीन तासांवरून कळतं. दुसरा मेसेज पाठवायची खाज सुटली तर पहिल्यात काहीतरी मागितलेलं असतं, किंवा मागायचं राहून गेलेलं असतं.

अडीचच्या पुढे उत्तर आलं : "हाहाहा कोंबडा!! थँक्यू रे. तो सीन मी मरेपर्यंत विसरणार नाही. रविवारी रात्री सराफ्यात गराडू, माझ्याकडून सगळ्यांना. ये."

मंदारने मला फक्त शेवटचा शब्द वाचून दाखवला. मी त्याला त्याच्या आधीचं वाक्य वाचायला लावलं. "सगळ्यांना" असं तिने स्वच्छ लिहिलं आहे. आमंत्रण संचाला आहे आणि ते आनंदाने घ्यायचं, त्यात खोदकाम करायचं नाही. उत्तरही तेवढंच : "नक्की! माझ्यावर लिंबू जास्त." हिवाळ्यात इंदूरकराला गराडूचं आमंत्रण आलं की तळलेल्या कंदावर जीरावन मसाला आणि लिंबू, यापलीकडे काही सुचू नये, हे स्वाभाविकही आहे.

आता भेटवस्तूचं. मला हे शेवटी कळलं, कारण त्याने लपवलं होतं. याने मेसेजच्या आधीच सराफ्यातून चांदीचे झुमके आणून ठेवले होते, अडीच हजाराचे. आमचा सराफा दिवसा सोन्या-चांदीचा बाजार असतो आणि रात्री दुकानं मिटल्यावर त्याच ओट्यांपुढे खाऊगल्ली भरते, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मी म्हटलं, तिला द्यायचंच तर रात्रीच्या सराफ्यातलं दे, दिवसाच्या नको. झुमके घेतले तर घरी आई विचारणार कुणी दिले, आणि नाही घेतले तर सगळ्यांसमोर परत करावे लागणार. दोन्हीकडून तिचीच कोंडी. संचाने मिळून तिला डोक्याला लावायचा छोटा दिवा दिला, अंधारात खटके दिसावेत म्हणून, आणि त्यात मंदारने बाकीच्यांइतकीच वर्गणी घातली. झुमके मावशीला मिळाले. ती अजून विचारते आहे की या कार्ट्याला अचानक आईची आठवण कशी झाली.

हे सगळं जमलं, कारण मुळात मैत्री होती आणि खासगीत बोलणं रोजचं होतं. तसं नसतं, म्हणजे सायली त्याच्या ऑफिसातली नुसती ओळखीची असती, किंवा त्याच्या हाताखाली काम करत असती, तर मी खासगी मेसेजच लिहू दिला नसता. ग्रुपवर सगळ्यांबरोबर शुभेच्छा, बस. हाताखालच्या माणसाला साहेबाच्या विनोदावर हसावंच लागतं, त्यामुळे दडपण नसलेला मेसेज तिथे लिहिताच येत नाही. आणि एखादीने आधीच नाही म्हटलं असेल तर कोंबड्याचा विनोदसुद्धा तिला दार ठोठावल्यासारखा वाटेल. तिथेही ग्रुप पुरे. संचातल्या मित्रांना यातलं काही सांगू नकोस, हेही मी त्याला बजावलं. मेसेज कितीही मोकळा असला तरी तो वाचताना शेजारून कुणी "ओऽहो" केलं की संपलं.

रविवारचं गराडू झाल्यावर मंदार पुन्हा आला. आता सांगावं का, हा प्रश्न होता. सांगावं असंच माझं मत आहे, वर्षानुवर्षं झुरत बसण्यात मला काही थोर वाटत नाही. पण वाढदिवसाला नाही आणि वाढदिवसाच्या मेजवानीतही नाही, कारण त्या दिवशी ती सगळ्यांशी गोड वागायला बांधलेली असते आणि त्या गोडव्यातून खरं उत्तर वेगळं काढता येत नाही. प्रयोगांच्या मधेही नाही. नाही म्हटल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी तिला त्याच्या शेजारी, अंधारात, हातभर अंतरावर दोन तास बसावं लागेल. प्रयोग फेब्रुवारीत संपतात. त्यानंतर एखाद्या दुपारी, छप्पन दुकानसारख्या उघड्या, गजबजलेल्या जागी, तोंडी आणि दोन वाक्यांत सांगावं, आणि उत्तर तिथेच मागू नये. तिथे ती स्वतःच्या गाडीने आलेली असावी. त्याने तिला घरून घ्यायला जायचं नाही, म्हणजे तिला उठून निघावंसं वाटलं तर त्याच्या स्कूटरवर मागे बसून घरी जायची पाळी येणार नाही.